आ-सोकडची चावी

ग्वेक लेंग आंटीच्या भिंतीवर हफीझाने पांढरी पेटी बसवली त्या दिवशी मी तिथे स्टूल धरून उभा होतो. स्टूल धरायची तशी गरज नव्हती, पण हात मोकळे असले की मला उगाच बोलावं लागतं, आणि बोलताना मी चुकतो.

हफीझा आमच्या इमारतीखालच्या ज्येष्ठांच्या केंद्रात काम करते. वय तिशीच्या आत, डोक्याला फिकट रंगाचा स्कार्फ, आणि आवाज असा की बहिऱ्यालाही प्रेमाने ऐकू जावा. मी त्याच केंद्रात सकाळचे फोन करतो. एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना फोन लावायचा, "जेवलात का?" विचारायचं, उत्तर आलं की नावापुढे खूण करायची. मी स्वतःही त्या यादीत आहे. माझ्या नावापुढची खूण मीच करतो, आणि करताना दर वेळी वाटतं की हे काही बरोबर नाही.

"हे बटण गळ्यात घालायचं, आंटी," हफीझा म्हणाली. "पडलात, चक्कर आली, छातीत दुखलं, तर दाबायचं. या पेटीतून माझा आवाज येईल. तुम्ही जागेवरून बोललात तरी मला ऐकू येतं. केंद्र बंद असलं तर दुसरीकडे चोवीस तास माणूस असतो, तो बोलेल."

"आणि नाही दाबलं तर?"

"दाबायचं की! त्यासाठीच आहे."

"नाही दाबलं तर कोण येतं, ते विचारतेय मी."

हफीझाने माझ्याकडे बघितलं. मी स्टुलाकडे बघितलं.

"सकाळी चिया अंकलचा फोन येईल," ती म्हणाली. "नाही उचललात तर ते परत करतील. तरी नाही, तर वर येऊन दार वाजवतील. ते समोरच राहतात तुमच्या. तरी उत्तर नाही आलं, तर मी तुमच्या माणसाला फोन करणार. ज्याचं नाव तुम्ही द्याल, त्याला. त्याच्याकडे चावी असेल तर तो दार उघडेल. तोही नाही मिळाला, तर पोलीस नाहीतर अग्निशमनवाले येऊन दाराची लोखंडी जाळी कापतील."

"म्हणजे मी ज्याचं नाव देईन, त्याने दार उघडायचं. आधी त्यानेच आत बघायचं."

"हो. नाव कुणाचं घालू?"

मला वाटलं होतं, ती माझंच नाव घेईल. समोरासमोर दारं. तिचा गॅस संपला की मी सांगतो, माझी छत्री हरवली की ती शोधते. तिला मूलबाळ नाही. मी चावी ठेवायला घरात एक खिळासुद्धा ठोकून आलो होतो.

"फुआ सियू बी," आंटी म्हणाली. "समोरच्या इमारतीत, माझ्याच मजल्यावर. माझी आ-सो."

आमच्या चिनी बोलीत आ-सो म्हणजे थोरली जाऊ. आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की या दोन जावा एकमेकींची सावली पडली तर पाय धुऊन घेतात.

"तिचीच?" मी विचारलं.

"तिचीच. आणि चावीही तिच्याकडेच. दुसऱ्या कुणाकडे नको."

*

हफीझा समोरच्या इमारतीत जाऊन विचारून आली. नाव घालण्याआधी त्या माणसाची संमती लागते. मला खात्री होती की सियू बी चहाची किटली फेकून मारेल.

"हो म्हणाल्या," हफीझाने येऊन सांगितलं. "लगेच. चावीसुद्धा घेतली."

आंटीच्या चेहऱ्यावरचा आनंद जरा कमी झाला. नकार ऐकायची तिने तयारी केली होती. नकारानंतर गळ कसा टाकायचा, तेही ठरलं असणार.

त्या संध्याकाळी ती माझ्या दाराशी आली. जाळीपलीकडून हातातली पपई आत सरकवत म्हणाली, "तुम्ही रुसलात."

"नाही."

"रुसलात. तुमचे कान लाल होतात. हे बघा, तुमच्याकडे चावी दिली तर तुम्ही धावत याल. मला ते नकोय."

"मग काय हवंय?"

तिने इकडेतिकडे बघितलं. व्हरांड्यात फक्त तिच्या दारापुढची उदबत्ती जळत होती. दारालगत लाल पत्र्याचा डबा, त्यात रोज सकाळी ती आकाशातल्या देवासाठी उदबत्त्या लावायची.

"माझा नवरा गोदीत काम करायचा, ते ठाऊक आहे तुम्हाला," ती म्हणाली. "त्याच्या अंगावर पेट्या कोसळल्या. हॉस्पिटलात नेला. तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. आम्ही वरच्या मजल्यावर, आ-सो खालच्या. फोन तिच्या घरी. हॉस्पिटलने तिला फोन केला की बायकोला ताबडतोब पाठवा, तो नाव घेतोय. ती सोंगट्यांचा माजाँग खेळत बसली होती. चार जणी टेबलाला. तिने फोन ठेवला, आणि डाव संपवला. मग जिना चढून आली."

मी पपई धरून उभा राहिलो.

"मी पोचले तेव्हा खाटेवर नवी चादर होती. घातलेली. ताणून." तिने हाताने हवेत चादर ताणून दाखवली. "आता ऐका. मी पडले ना, की मी बटण दाबणार नाही. फोनही उचलणार नाही. तुम्ही दार वाजवाल, वाजवा. मग हफीझा तिला फोन करेल. ती येईल, चावी लावेल, आणि मला बघेल. पोलीस तिलाच विचारतील, हीच का? ती हो म्हणेल. मग रोज सकाळी दात घासताना मी तिला दिसेन. एवढंच हवंय मला."

"हे बरोबर नाही, आंटी."

"तुम्ही पुस्तकं वाचता, म्हणून तुम्हाला वाटतं सगळं बरोबर-चूक असतं. पपई उद्यापर्यंत पिकेल. आज कापू नका."

मी रात्रभर विचार केला, सांगावं की न सांगावं. शेवटी सकाळी हफीझाला सांगितलं, म्हणजे निम्मं सांगितलं. नवऱ्याची गोष्ट गाळली. ती माझी नव्हती. हफीझा वर गेली, आंटीशी बराच वेळ बोलली, खाली आली.

"म्हणतात, अंकलने गंमत मनावर घेतली. पण मला पटलं नाही. तुम्ही फोन चुकवू नका. एकही दिवस नाही."

मी काय चुकवणार होतो! त्या दिवसापासून मी यादीत सगळ्यांत आधी तिचाच फोन लावायचो.

"जेवलात का?"

"अजून मेले नाही," आंटी म्हणायची, आणि ठेवून द्यायची.

*

आणि एका सकाळी तिने फोन उचलला नाही.

मी परत लावला. मग जिना चढलो, लिफ्टची वाट बघायचं सुचलंच नाही. तिचं लाकडी दार बंद. एरवी ते उजाडताच उघडं असतं, फक्त लोखंडी जाळी लावलेली. डब्यात उदबत्ती नव्हती. मी जाळी वाजवली, हाक मारली, आधी हळू, मग इतक्या जोरात की माझा मलाच तो आवाज परका वाटला. खाली हफीझाला कळवलं. तिने सियू बीला फोन केला.

मी व्हरांड्याच्या कठड्यावरून बघत होतो. समोरच्या इमारतीतून सियू बी बाहेर पडली. ठेंगणी, रुंद, फुलाफुलांचा घरातला झगा, एका पायात नवऱ्याची जुनी सपात, दुसऱ्यात स्वतःची. ती पळत होती. ऐंशीच्या घरातली बाई, मधलं मैदान पळत ओलांडत होती. लिफ्टमधून बाहेर आली तेव्हा तिला बोलवत नव्हतं. चावी लागेना. मी मदतीला हात पुढे केला, तर तिने तो झटकला.

दार उघडलं.

ग्वेक लेंग आंटी टेबलाशी बसून पेज खात होती. सोबत खारवलेलं अंडं, मुळ्याचं लोणचं. तिने चमचा खाली ठेवला, सावकाश तोंड पुसलं.

"आलीस? या वेळी लवकर आलीस."

सियू बी चौकटीला टेकून उभी राहिली. छाती भात्यासारखी.

"मला वाटलं, मेलीस."

"वाटावं म्हणूनच. पेज खाणार?"

"तुझ्या घरची? घशात हाड अडकेल."

"पेजेत हाडं नसतात, आ-सो. पण तुला कुठे ठाऊक असणार! तू तर खेळत असतेस." आंटीने टेबलावर बोटांनी टकटक केली, सोंगट्या मांडल्यासारखी. "बस, बस. डाव संपव. घाई कसली?"

सियू बीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. तिने माझ्याकडे बघितलं, जणू मीच काही तरी केलं होतं.

"तू माझ्या नवऱ्याला दारातून घालवलंस," ती हळूच म्हणाली. "त्याच्या सख्ख्या भावाची शवपेटी. रात्रभर पेटीशेजारी बसायला आला होता. तू उदबत्ती त्याच्या हातातून काढून घेतलीस. लोकांसमोर. ते दुखणं त्याला गेलं नाही. शेवटी तापातही तो म्हणायचा, धाकट्याला उदबत्ती लावायची राहिली."

"तू जिना लवकर चढली असतीस तर लावली असती."

"तुला वाटतं, तुलाच छळता येतं?" सियू बी दाराकडे वळली. चावी तिने झग्याच्या खिशात नीट टाकली. "पुढच्या वेळी मी चालत येईन. आणि तुझीही पाळी येईल. थांब तू."

तोवर हफीझा पोचली होती. तिने सगळ्यांसमोर आंटीला सुनावलं. हे खेळणं नाही, एखाद्या दिवशी खरोखर कुणी पडेल आणि आम्ही इथे असू. आंटीने मान खाली घालून ऐकलं. हफीझाची पाठ वळताच ती मला म्हणाली, "पळत आली! तुम्ही बघितलंत ना, पळत आली? दोन पायांत दोन सपाता!" आणि अशी हसली की तिला ठसका लागला.

मी हसलो नाही. पण थोडं हसू आलं होतं, ते नाकारत नाही.

*

आठवड्याभरात सियू बीने केंद्रात नाव नोंदवलं. तिच्याही भिंतीवर पेटी बसली, गळ्यात बटण आलं. सकाळच्या फोनला मात्र तिने ठाम नकार दिला. फोन म्हटला की तिच्या अंगावर काटा येतो म्हणे. मग हफीझाने तिच्या शेजारणीला, रोहायाला, सांगून ठेवलं. रोहायाचं दार सियू बीच्या दाराला लागून. सकाळी नातवाला शाळेत सोडायला निघताना ती बघायची. दारापुढे उदबत्तीचा धूर दिसला की सियू बी उठली, ठीक आहे. तसा निरोप ती केंद्रात टाकायची.

"आणि अडीअडचणीला कोण?" मी हफीझाला विचारलं. विचारायला नको होतं.

तिने कपाळाला हात लावला. "तुम्हीच ओळखा."

रोहाया चावी घेऊन आमच्या मजल्यावर आली तेव्हा मी दारातच होतो. चावी लाल पाकिटात घातलेली होती, नव्या वर्षाला पोरांना देतात तसल्या. आंटीने पाकीट उघडलं, चावी तळहातावर घेतली.

"घेणार नाही म्हणा," मी म्हटलं.

"नाही म्हटलं तर ती म्हणेल, भ्यायली." आंटीने चावी आतल्या देव्हाऱ्याखालच्या खिळ्याला अडकवली. "मला बघायला लावणार म्हणे ही! बघू, कोण कुणाला बघतंय."

त्यानंतर दोघींना नवाच उद्योग मिळाला. सकाळी आंटी उदबत्ती लावायची आणि कठड्याशी उभी राहून समोर बघायची. समोर सियू बी उदबत्ती लावायची आणि इकडे बघायची. दोघी थोडा वेळ तशाच उभ्या. मग एकदमच आत. माझ्या यादीतली एकही खूण इतकी पक्की नव्हती. सियू बी किती वाजता उठते, देवापुढची संत्री कधी बदलते, कोणत्या दिवशी दुखरा गुडघा धरून चालते, सगळं आंटीला तोंडपाठ.

"आज उजवा पाय ओढतेय," ती मला आनंदाने सांगायची. "पावसाळी हवा आहे ना. बरं झालं."

*

मग पौर्णिमेची सकाळ आली. आदल्या संध्याकाळी बहुतेक दारांपुढे पूजा झालेली, फळं मांडलेली. सियू बीने तिच्या दारावर उदबत्तीचं वेटोळं टांगलं होतं, ते मोठं, एकदा पेटवलं की दिवसरात्र जळत राहतं तसलं.

मी आंटीला फोन केला. तिने तो उचलला, पण नेहमीचं उत्तर आलं नाही.

"वर या," ती म्हणाली.

ती कठड्याशी उभी होती. हातात पेजेचा वाडगा.

"तिचं दार बघा."

मी बघितलं. माझे डोळे अधू आहेत. दार बंद, वेटोळ्याचा धूर वर चाललाय, एवढं दिसलं.

"धूर आहे," मी म्हटलं. "रोहायाचा निरोपही आलाय, ठीक आहे म्हणून."

"तो धूर कालचा आहे. वेटोळं काल संध्याकाळी पेटवलंय. रोहायाला काय कळतं आमच्या देवातलं? तिला धूर दिसला, ती गेली. डबा बघा खालचा. आजच्या उदबत्त्या नाहीत. वेटोळं असलं तरी ती सकाळच्या तीन काड्या लावते. एवढ्या वर्षांत एकदाही चुकली नाही. आणि लाकडी दार बंद."

मला तिचं म्हणणं कळलं.

"मग चला! चावी घ्या!"

आंटी आत गेली. मला वाटलं, चावी घ्यायला, म्हणून मीही मागोमाग गेलो. ती टेबलाशी बसली आणि तिने वाडगा समोर ठेवला.

"पेज संपवते," ती म्हणाली.

"आंटी!"

"तिने डाव संपवला होता. मी पेज संपवते."

तिने चमचा उचलला. एक घास खाल्ला, अंड्याचा तुकडा तोडला, दुसरा घास खाल्ला. खिळ्याला अडकवलेली चावी माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी आयुष्यात कुणाच्या घरातली वस्तू न विचारता उचललेली नाही. मी ती उचलली.

"ठेवा ती."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही खा. मी जातो."

मी दारापर्यंत पोचलो असेन. मागे चमचा वाडग्यात आपटला.

"थांबा. तिच्या गळ्यात बटण आहे ना?"

"आहे."

"ती पडली असती तर तिने दाबलं असतं. दाबलं असतं तर हफीझा आत्ता खाली धावपळ करत असती. तुम्हाला कळलं असतं." ती उठून उभी राहिली. तिचा चेहरा मी पूर्वी कधी तसा बघितला नव्हता. "म्हणजे दाबलेलं नाही. मेली असेल, नाहीतर... नाहीतर मुद्दाम दाबत नाहीये. माझी वाट बघत पडलीये. मी जाऊन बघावं म्हणून!"

"असेलही, पण..."

"माझा डाव! माझ्यावर! चोरटी! स्वतःचं एक डोकं कधी चाललं नाही तिचं, आयुष्यभर माझं चोरलं!" तिने माझ्या हातातली चावी हिसकावली. "मरते कशी बघते मी! चला!"

मैदान ओलांडताना मी चालता चालताच हफीझाला फोन केला. आंटी माझ्या पुढे होती. तीही पळत होती, आणि तिच्या पायांत काय होतं ते मी बघितलं नाही.

*

सियू बी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली होती. एक पाय विचित्र बाहेरच्या बाजूला वळलेला. चेहरा राखेसारखा, ओठ कोरडे. बटण गळ्यातच होतं. दोरी तिच्या मुठीत होती, पण अंगठा बटणापासून लांब धरलेला.

तिने डोळे उघडले. आंटीला बघून तिच्या तोंडावर निराशा पसरली. खरी निराशा. मी ती दुसऱ्या कुठल्या शब्दात सांगू शकत नाही.

"एवढ्या लवकर कशाला आलीस?" ती पुटपुटली.

"कालपासून पडलीयेस?"

"पूजा झाल्यावर. पाय धुवायला गेले."

"आणि दाबलं नाहीस."

"तू दाबलं असतंस?"

आंटी गुडघ्यांवर बसली. तिच्या गुडघ्यांतून आवाज आला. तिने सियू बीच्या मुठीतून ते बटण सोडवलं. सियू बीने जोर लावला, पण तिच्यात कुठला जोर उरला होता! आंटीने अंगठ्याने ते दाबलं, एकदा नाही, दोनतीनदा, गळू पिळावं तसं.

भिंतीवरच्या पेटीतून हफीझाचा आवाज आला. "आंटी? मी निघतच होते. चिया अंकल म्हणाले. काय झालंय?"

"पडलीये. पाय मोडलाय. जिवंत आहे," आंटी पेटीकडे बघून ओरडली. "नीट ऐक. हिला मरू द्यायचं नाही. काही झालं तरी नाही."

"रुग्णवाहिका बोलावलीये. उचलू नका त्यांना. हलवूही नका. अंगावर पांघरूण घाला. आणि खायला-प्यायला काही देऊ नका, ऑपरेशन करावं लागेल बहुतेक."

मी खाटेवरची चादर आणली. आंटीने ती माझ्या हातून घेतली, सियू बीवर घातली, आणि कडा चांगल्या ताणून खोचल्या. मग तिचे हात तिथेच थांबले. ती त्या ताणलेल्या चादरीकडे बघत राहिली, आणि अचानक तिने एक कड ओढून सैल केली, चुरगाळली.

"पाणी," सियू बी म्हणाली.

"नाही मिळणार."

"घोटभर."

"ऐकलंस ना? द्यायचं नाही म्हणाली." आंटीच्या आवाजात इतका गोडवा मी कधी ऐकला नव्हता. "मी तर दिलं असतं, आ-सो. पण सरकारी नियम!"

"सटवी."

"हो. बोलत राहा. झोपू नकोस. शिव्या दे, येतात ना तुला?"

सियू बीने दिल्या. त्या मी इथे लिहीत नाही, त्यातल्या काही मला नव्या होत्या. थोड्या वेळाने तिचा श्वास बारीक झाला. डोळे मिटायला लागले. आंटीने तिच्या गालावर चापट मारली, मला वाटतं गरजेपेक्षा जोरात.

"सांग आधी. त्या दिवशी फोन आला. तू का नाही उठलीस?"

सियू बीने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"मी जिंकत होते," ती म्हणाली.

न्हाणीघरात नळ ठिबकत होता. मी आंटीकडे बघायला घाबरत होतो.

"ऐकलंत?" आंटी माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा उजळला होता. "ऐकलंत ना तुम्ही? कबूल केलं! इतकी वर्षं म्हणत होती, फोन नीट ऐकू आला नाही, लाइन खराब होती. जिंकत होते म्हणाली!"

"ऐकलं," मी म्हटलं.

"साक्षीदार आहात तुम्ही."

खाली रुग्णवाहिकेचा आवाज आला. माणसं वर आली, त्यांनी सियू बीला फळीवर घेतलं. एकाने विचारलं, नातेवाईक कोण?

"मी," आंटी म्हणाली. "माझं नाव आहे सगळीकडे. बघून घ्या."

*

सियू बीच्या खुब्यात धातू बसवला. ती परत आली तेव्हा हातात चार पायांचा वॉकर होता, न्हाणीघरात धरायला दांड्या लागल्या होत्या, आणि उंबऱ्याला छोटा उतार केला होता. डॉक्टर, परिचारिका, व्यायाम शिकवणारी पोरगी, सगळ्यांनी आंटीलाच फोन केले, कारण नाव तिचंच होतं. कोणत्या गोळ्या केव्हा, अंघोळीला कसं बसवायचं, सगळं तिला शिकवलं. ती मन लावून शिकली.

आता रोज सकाळी आंटी समोरच्या इमारतीत जाते. हफीझाने मदतीला बाई लावून दिली आहे, ती नंतर येते. पेज आंटीच नेते. मीठ नसलेली. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, अजिबात नको असं सांगितलेलं नाही, हे मी एकदा भीत भीत म्हणालो होतो.

"तिला चव लागली की ती खुश होते," आंटी म्हणाली. "मी कशाला खुश करू?"

सियू बी वॉकर धरून व्हरांड्यात फेऱ्या मारते, आंटी मागून मोजते.

"अजून एक."

"पाय मोडेल परत."

"मोडू दे. परत बसवू. मी सही करते."

"तुझ्या तोंडात किडे पडोत."

"दात आहेत कुठे किडायला? चल, फिर."

सियू बीने एकदा हफीझाला म्हटलं की माझ्या कागदावरचं नाव बदलून दे, हिचं नको, दुसऱ्या कुणाचंही घाल. हफीझा म्हणाली, घालते, कुणाचं घालू? सियू बीने पुष्कळ विचार केला. मग म्हणाली, "राहू दे."

गेल्या सोमवारी मी सकाळचे फोन संपवून वर आलो, तर आंटी माझ्या दाराशी उभी. गळ्यात बटण. ते तिने कधीच घातलेलं मी बघितलं नव्हतं, पेटी बसवली त्या दिवसापासून ते खिडकीच्या कडीला लोंबत होतं. तिने हात पुढे केला. हातात तिच्या घराची चावी होती, नवी करून घेतलेली, कडा अजून धारदार.

"ठेवा. खिळा ठोकलाय ना तुम्ही? मला ठाऊक आहे, ठोकल्याचा आवाज आला होता."

माझे कान लाल झाले असणार.

"आ-सोकडची चावी?" मी विचारलं.

"ती काढून घेतली. ती वॉकर घेऊन येईतो मी थंड होईन." तिने समोरच्या इमारतीकडे मान वळवली. सियू बी दारात उभी राहून तीन उदबत्त्या लावत होती, एका हाताने वॉकर धरून. तिनेही मान वर करून इकडे बघितलं. "मी पडले, चक्कर आली, काही झालं, तर धावत या. वाजवत बसू नका. पेजबीज संपवू नका."

"येईन."

"मला तिच्या आधी जायचं नाहीये," आंटी म्हणाली. "तिच्या आधी गेले तर ती जिंकेल. आधी ती. मी तिला उदबत्ती लावणार, मग बघू."

आणि ती खाली निघाली, पेजेचा डबा घेऊन.